प्रुफावरच्या खुणा: ओळीत जागा, समासात दुरुस्ती

समजा, नौपाड्यातल्या एका सोसायटीची स्मरणिका छापायला गेली आहे आणि डीटीपी ऑपरेटरकडून पहिले प्रूफ आले आहे. त्यातली एक ओळ अशी:

१६ एप्रील १८३५ रोजी रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहीली प्रवासी रेल्वेधावली .

या एका ओळीत सहा चुका आहेत. त्या अक्षरांवरच गिरवून सुधारल्या, तर ऑपरेटरला निम्म्या दिसणारच नाहीत. तो अख्खे पान पुन्हा वाचत नाही. त्याची नजर समासावरून खाली येते आणि खूण दिसली तरच ओळीत शिरते. म्हणून प्रत्येक चुकीला दोन खुणा लागतात. चूक कुठे आहे ते ओळीत दाखवायचे आणि तिथे काय हवे ते त्याच ओळीच्या सरळ रेषेत समासात लिहायचे.

प्रूफ ए-फोर कागदावर एका बाजूनेच छापून घ्या आणि दोन्हीकडे किमान तीन सेंटिमीटर समास मागा. बारीक टोकाचे लाल पेन वापरा. मजकुरात तुम्हालाच नवा बदल सुचला, तर तो निळ्या शाईने करा, म्हणजे टंकनाची चूक कोणती आणि लेखकाने केलेला बदल कोणता हे बिल करताना कळते.

आता ती ओळ घेऊ. ओळीच्या डाव्या अर्ध्या भागातल्या दुरुस्त्या डाव्या समासात, उजव्या भागातल्या उजव्या समासात. दोन्हीकडे त्या डावीकडून उजवीकडे, ओळीतल्याच क्रमाने लिहायच्या आणि प्रत्येकीनंतर एक तिरकी रेघ द्यायची.

‘एप्रील’मधल्या ‘प्री’वर तिरकी रेघ मारा आणि समासात ‘प्रि’ लिहा. नुसती वेलांटी लिहू नका. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी छापली जाते, दीर्घ नंतर. सुटी वेलांटी पाहून ती कोणत्या अक्षराची हे कळत नाही. १८३५ मध्ये अंकांची अदलाबदल झाली आहे. शब्दांची किंवा अक्षरांची जागा बदलायची असेल, तर एकाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जाणारी नागमोडी रेघ चालते. आकड्यांना मात्र ती देऊ नका. पूर्ण आकडा खोडून समासात १८५३ लिहा. दुसरा ‘रोजी’ मधोमध आडव्या रेघेने खोडा आणि समासात काढून टाकण्याची खूण करा, म्हणजे शेपटीला वेटोळे असलेली रेघ. डावा समास संपला.

उजवीकडे आधी ‘पहीली’मधल्या ‘ही’साठी ‘हि’ येईल. मग ‘रेल्वेधावली’ या शब्दात जिथे जागा हवी तिथे उभी रेघ आणि समासात # ही खूण. पूर्णविरामाआधीची मोकळी जागा मिटवायला वर एक आणि खाली एक छोटी कमान काढा आणि समासातही तीच जोडी काढा.

राहून गेलेला शब्द घालायचा असेल, तर ओळीत काकपद, म्हणजे ^ अशी खूण द्या आणि शब्द समासात लिहा. एका ओळीपेक्षा जास्त मजकूर असेल, तर तो वेगळ्या कागदावर लिहून त्याला ‘जोड अ’ असे नाव द्या आणि समासात तेच नाव लिहून वर्तुळ करा. वर्तुळातले शब्द ऑपरेटरसाठी सूचना असतात, ते छापायचे नसतात. वर्तुळ करायचे राहिले तर ‘नवा परिच्छेद’ हे शब्द मजकुरात छापून येऊ शकतात. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबे द्या आणि समासात वर्तुळात ‘तसेच ठेवा’ लिहा.

देवनागरीत काही ठिकाणी जास्त जपावे लागते. ‘प’वर आखूड तिरकी रेघ मारली, तर तो ‘प्र’ वाटतो. म्हणून खोडरेघ शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली स्पष्ट बाहेर न्या. आडवी रेघ शिरोरेषेला चिकटली, तर ती लपते. सुटलेला अनुस्वार ओळीत टिंब देऊन दाखवला, तर तो कागदावरचा डाग वाटतो. ‘तलावात’चे ‘तलावांत’ करताना ‘वा’ खोडून समासात ‘वां’ लिहा. रफार भलत्याच अक्षरावर असेल, तर दोन्ही अक्षरे बदला: ‘आर्शीवाद’मधले ‘र्शीवा’ खोडा, समासात ‘शीर्वा’ लिहा.

पान संपल्यावर समासातल्या दुरुस्त्या मोजा, तो आकडा पानाच्या तळाशी लिहून तारीख आणि सही करा. दुसरे प्रूफ आले की पहिले शेजारी ठेवा आणि झालेल्या प्रत्येक दुरुस्तीवर बरोबरची खूण करा. दुरुस्त केलेल्या ओळीपासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत मात्र सगळे पुन्हा वाचा. एक शब्द वाढला की पुढच्या ओळी सरकतात, आणि पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन पडलेली असू शकते.