चार दिवसांची गाडी ठरवताना: किलोमीटर, नाईट आणि भत्ता आधीच कसे बोलून घ्यावेत

गाडीवाल्याला फोन केला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘किलोमीटरला काय लावणार?’ मग पंधराचे चौदा करून घेतले की आपण जिंकलो असं वाटतं. प्रत्यक्षात बिल फुगतं ते दरामुळे नाही, तर दिवस कसे मोजले त्यामुळे. दर विचारा, पण सगळ्यात शेवटी.

गाडी पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने फिरवायची नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. यावर याहून जास्त विचार करायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. मुक्कामी भाड्याला रोजचे किमान किलोमीटर असतात. पुण्या-मुंबईकडे बहुतेक ठिकाणी ३००, काही ठिकाणी २५०. म्हणजे गाडी दिवसभर हॉटेलसमोर उभी राहिली तरी ३०० किलोमीटरचे पैसे लागतात. हे सगळेच सांगतात. सांगत नाहीत ते हे, की ही किमान मर्यादा रोजची रोज धरणार की पूर्ण ट्रिपची एकत्र.

पुणे–गणपतीपुळे–तारकर्ली–पुणे अशी चार दिवसांची ट्रिप धरू. शुक्रवारी सकाळी निघायचं, सोमवारी रात्री परत. पहिल्या दिवशी आंबा घाटातून गणपतीपुळ्यापर्यंत साधारण ३३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आरे-वारे, रत्नागिरी असं काहीबाही करून ६०. तिसऱ्या दिवशी तारकर्ली, २००. चौथ्या दिवशी कोल्हापूरवरून पुणे, ३९०. एकूण ९८०.

पूर्ण ट्रिप एकत्र मोजली तर किमान मर्यादा चार गुणिले ३००, म्हणजे १२००. आपलं रनिंग त्याच्या आत आहे, म्हणून १२०० चे पैसे. १५ रुपये दराने १८,००० रुपये. रोजची रोज मोजली तर पहिल्या दिवसाचे ३३०, दुसऱ्याचे ३००, तिसऱ्याचेही ३००, चौथ्याचे ३९०. बेरीज १३२०, म्हणजे १९,८००. गाडी तीच, रस्ता तोच, १,८०० रुपये जास्त. म्हणून ‘सरासरी पूर्ण ट्रिपची धरायची’ हे वाक्य बोलून नव्हे, लिहून घ्या.

लोक गॅरेजच्या किलोमीटरवरून भांडतात. गाडी त्यांच्या गॅरेजमधून निघून परत तिथे पोहोचेपर्यंतचं रनिंग धरतात, हे खरं आहे. पण वरच्या हिशेबात आपल्याकडे २२० किलोमीटर शिल्लक आहेत. गाडी शिक्रापूरहून कोथरूडला येऊन परत गेली तरी ते त्यातच बसतं. किमान मर्यादेच्या आत असाल तर गॅरेजच्या किलोमीटरवर शब्द खर्च करू नका. उलट पैसे भरलेलेच आहेत तर वाटेत विजयदुर्ग करून घ्या.

गॅरेजच्या वेळेवर मात्र जरूर भांडा, कारण दिवस रात्री बाराला बदलतो. तुम्ही सकाळी ११ ला निघालात म्हणून चौथा दिवस पुढच्या सकाळी ११ ला संपत नाही. बारा वाजून गेले की पाचवा दिवस लागला: आणखी ३०० किलोमीटरचे ४,५०० रुपये आणि वर ड्रायव्हरचा एक भत्ता. तुम्ही सोमवारी रात्री सव्वाअकराला घरी उतरता, निवांत झोपता, आणि गाडी गॅरेजला साडेबाराला पोहोचते. एका गाडीमालकाने याच मुद्द्यावर माझ्याकडे पाचव्या दिवसाचे पैसे मागितले होते, आणि त्याच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: दिवस माझ्या दारात संपतो की तुमच्या गॅरेजमध्ये? ‘दारात’ असं उत्तर आलं नाही तर दुसरा गाडीवाला बघा, नाहीतर रात्री दहाच्या आत उतरण्याचा बेत करा.

आणि हा बेत शेवटच्या दिवशी सकाळीच ठरतो. तारकर्लीहून पुणे म्हणजे घाट आणि जेवण धरून दहा-अकरा तास. ‘एकदा समुद्रात जाऊन येऊ’ म्हणत दुपारी एकला निघालात की मध्यरात्र ओलांडलीच म्हणून समजा. नऊला निघा.

भत्ता आणि नाईट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र बोलल्या की गोंधळ होतो. भत्ता ड्रायव्हरच्या जेवणा-राहण्याचा, दिवसाला साधारण ३०० ते ५०० रुपये, गाडी चालो न चालो. नाईट लागते ती रात्री गाडी चालली तर. कोणी दहापासून धरतं, कोणी अकरापासून, पहाटे पाच किंवा सहापर्यंत. गाडी मुक्कामी उभी असताना भत्ता आणि वर ‘नाईट हॉल्ट’ असे दोन्ही लावले असतील तर एक खोडून घ्या. पहाटे पाचला निघण्याची हौस असेल तर गाडी गॅरेजमधून चारला निघते, म्हणजे त्या दिवशीही नाईट लागू शकते. गाडी गॅरेजमधूनच सहानंतर निघाली तर हा प्रश्नच येत नाही.

भत्ता दिला म्हणजे ड्रायव्हरच्या झोपेची सोय झाली असं नाही. सीझनमध्ये गणपतीपुळ्यात चारशे रुपयांत खोली मिळत नाही, मग तो गाडीतच सीट पाडून झोपतो आणि सकाळी तुम्हाला घाटातून नेतो. हॉटेल बुक करतानाच ड्रायव्हरसाठी खोली किंवा कॉट आहे का विचारा, नसेल तर वरचे दोन-तीनशे आपण द्या. यात काटकसर करणारे लोक मला समजत नाहीत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेही दिवसाचं काम सर्वसाधारणपणे आठ तासांचं धरलं होतं. तो कायदा एकट्या-दुकट्या गाडीमालकाला लागू होत नव्हता, पण माणूस तेवढाच दमतो.

रूट ठरवताना नुसतं ‘कोकण’ म्हणू नका. गावं क्रमाने सांगा, घाटाचं नाव सांगा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी आजूबाजूला फिरणं त्यात धरलंय हेही सांगा. तारकर्लीला पोहोचल्यावर कुणीतरी ‘गोवा जवळच आहे’ म्हणणारच. परराज्याचं परमिट आणि कर कोण भरणार हे न बोलता सीमा ओलांडली तर तो खर्च तुमच्याच गळ्यात पडतो.

सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका आणि समोरून ‘ओके’ येईपर्यंत ॲडव्हान्स पाठवू नका:

‘शुक्रवार सकाळी ६ ते सोमवार रात्री, चार दिवस. पुणे–आंबा घाट–गणपतीपुळे–तारकर्ली–कोल्हापूर–पुणे, लोकल फिरणं धरून. किमान १२०० किमी, पूर्ण ट्रिपची सरासरी, १५ रुपये दर, वरच्या किमीलाही तोच. दिवस आमच्या दारात संपेल. भत्ता रोज ४००, त्यात मुक्काम आला. रात्री ११ ते ५ गाडी चालली तरच नाईट. टोल-पार्किंग आमचं. जीएसटी धरून की वेगळा, ते कळवा.’

निघताना आणि उतरताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. टोल फास्टॅगमधून गाडीमालकाच्या खात्यातून कापला जातो, म्हणून त्याच्याकडून अंदाजे आकडा न घेता टोलचे मेसेज मागवा आणि मगच उरलेले पैसे द्या.