जुना फोटो स्कॅनरवर, जुनी वही फोनवर

आजोबांचा २ × ३ इंची कृष्णधवल फोटो जपायचा असेल, तर सपाट काचेचा फ्लॅटबेड स्कॅनरच वापरा. फोनने काढताना चकचकीत कागदावर उजेडाचा डाग हमखास उमटतो. स्कॅनरवर दर इंचाला ६०० ठिपके, अर्थात ६०० डीपीआय ठेवा. म्हणजे १२०० × १८०० पिक्सेल मिळतात आणि ३०० डीपीआयने ४ × ६ इंची प्रत स्वच्छ छापता येते. १२०० डीपीआयला पिक्सेल चौपट होतात, पण बहुतेक जुन्या प्रिंटमध्ये तेवढा तपशीलच नसतो. फक्त कागदाचा पोत मोठा दिसतो.

शिवण उसवलेली वही मात्र काचेवर दाबू नका. तिथे फोनच बरा: खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. ए४ पानाला ३०० डीपीआयसाठी सुमारे ९ मेगापिक्सेल लागतात, त्यामुळे पान चौकटभर घेतलं तर १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो.