‘महिना ८ टक्के’ खरंच शक्य आहे का? ७२ ने तपासा

सिडकोतल्या आमच्या शेजारच्या काकांना एक एजंट कांद्याच्या व्यापारात महिना ८ टक्के देतो म्हणाला. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला.

१. ७२ ला महिन्याच्या टक्क्याने भागा. ७२ ÷ ८ = ९. म्हणजे नफा धंद्यातच ठेवला, तर दर ९ महिन्यांनी पैसे दुप्पट.

२. साडेचार वर्षांत सहा वेळा दुप्पट: १ लाखाचे २, ४, ८, १६, ३२, ६४ लाख.

३. आता विचारा, लासलगावचा कुठला व्यापारी भांडवल असं ६४ पट करतो? करत असेल, तर बँकेचं स्वस्त कर्ज सोडून तुम्हाला वर्षाला ९६ टक्के कशाला देईल?

सावधान: पहिले हप्ते वेळेवर आले, तरी तो पुरावा नाही. ते नव्या ठेवीदारांच्या पैशातूनही देता येतात.