अर्धं तिकीट घेतलं की बर्थ नाही

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालात, बरोबर चार वर्षांची धाकटी आणि आठ वर्षांचा थोरला. धाकटीला तिकीट लागत नाही, कारण पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत प्रवास फुकट. मात्र तिला बर्थही मिळत नाही. वेगळा बर्थ हवाच असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं.

गोंधळ होतो तो थोरल्याचा. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाचं अर्धं तिकीट स्लीपर, एसीत मिळतं खरं, पण एप्रिल 2016 पासून त्यावर बर्थ देत नाहीत. मोठ्यांचं भाडं 400 रुपये धरलं, तर 200 वाचतात आणि रात्रभर पोरगा तुमच्याच बर्थवर पाय पसरतो. चाळीसगावपर्यंतच जायचं असेल तर ठीक. रात्रीच्या प्रवासाला मी तरी पूर्ण भाडं भरून बर्थ घेईन. ऑनलाइन बुकिंग करताना मुलाला बर्थ हवा की नको हे विचारतात, तिथे घाई करू नका.

चेअर कारमध्ये आसनाशिवाय अर्ध्या तिकिटाची ही सोयच नाही, तिथे पूर्ण भाडं लागतं. नंदुरबार-अमळनेरसारख्या अनारक्षित प्रवासात मात्र अर्धं तिकीट चालतं. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा.