सीसॅटचा लांबलचक उतारा : उत्तराची ओळ पटकन कशी शोधायची

एमपीएससीच्या सीसॅट पेपरला ८० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एका उताऱ्यावर पाच प्रश्न असतील तर उतारा वाचण्यासकट सगळं मिळून साडेसात मिनिटं होतात, आणि बरीच मुलं त्यातली चार-पाच मिनिटं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नीट वाचण्यातच घालवतात, मग प्रश्न बघितला की परत वर जाऊन तेच वाचतात. दोनदा वाचायचंच असेल तर पहिलं वाचन वरवरचं ठेवा आणि दुसरं फक्त लागेल तेवढ्याच ओळींचं. पहिल्याला स्किमिंग म्हणतात, आणि दुसऱ्या वेळी ओळ शोधायला जी नजर फिरवायची ते स्कॅनिंग.

सुरुवात प्रश्नांपासून करा, पण फक्त प्रश्न वाचा, पर्याय अजिबात नाही. यावर मी ठाम आहे, कारण पाच प्रश्नांचे वीस पर्याय आधी वाचले की त्यातली पंधरा चुकीची वाक्यं डोक्यात बसतात आणि उताऱ्यात नसलेली गोष्ट वाचल्यासारखी वाटायला लागते. प्रश्न वाचताना प्रत्येकातला एखादा शब्द अधोरेखित करा, जो उताऱ्यात शोधता येईल, म्हणजे नाव, साल, आकडा, तांत्रिक शब्द. 'लेखकाच्या मते' किंवा 'उताऱ्याचा आशय' असलं काही शोधता येत नाही, त्या प्रश्नापुढे फुली मारा, तो शेवटी. याला पाऊण मिनिट पुरतं.

मग स्किमिंग, साधारण दीड मिनिट. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य पूर्ण वाचा, मधल्या ओळींवरून नजर फिरवा, शेवटचं वाक्य परत वाचा. मधे 'मात्र', 'परंतु', 'तथापि', 'त्यामुळे' दिसलं की थांबायचं, कारण लेखक तिथे वळण घेतो आणि प्रश्नही बरेचदा तिथलाच निघतो. परिच्छेद संपला की बाजूला पेन्सिलने दोन शब्द लिहा. उत्तर नाही लिहायचं, तिथे कशाबद्दल आहे एवढंच.

एक उदाहरण घेऊन बघू, चार छोट्या परिच्छेदांचा उतारा आहे असं धरा:

'१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली. गाडी वाफेच्या इंजिनांवर चालत होती.

पुढे मुंबईची उपनगरे वाढली व स्थानके जवळजवळ आली. वाफेच्या इंजिनाला प्रत्येक थांब्यानंतर वेग घेण्यास वेळ लागे. त्यामुळे फेऱ्या वाढवणे अवघड झाले.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला मार्गावर विजेवरील पहिली गाडी सुरू झाली. तिला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह दिला जाई. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले.

मात्र कमी दाबाच्या डीसी यंत्रणेत प्रवाह मोठा लागतो, म्हणून तारा जाड व उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागतात. कालांतराने २५ हजार व्होल्टची एसी यंत्रणा स्वीकारण्यात आली.'

बाजूला लिहायचे शब्द असे: 'वाफ सुरुवात', 'वाफेची अडचण', 'वीज', 'डीसी ते एसी'. आता पहिला प्रश्न : वीज वापरून धावलेली पहिली गाडी कोणत्या मार्गावर होती? नुसता 'पहिली' हा शब्द धरून शोधलंत तर पहिल्याच वाक्यात सापडतो आणि बोरीबंदर-ठाणे हा पर्याय समोर असतोच, तो त्यासाठीच ठेवलेला असतो. म्हणून दोन शब्द जोडीने शोधायचे, 'पहिली' आणि 'वीज'. खुणा सांगतात तिसऱ्या परिच्छेदात जा. पण तिथे 'वीज' असं कुठेच लिहिलेलं नाही, 'विजेवरील' आणि 'विद्युतीकरण' आहे. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच बदलतं, वीज-विजेचा, पाणी-पाण्यात, ठाणे-ठाण्याला, त्यामुळे मूळ शब्द शोधत बसलं की डोळा ओळीवरून पुढे निघून जातो. शोधायच्या आधीच मनात 'विजे', 'पाण्या', 'ठाण्या' असं रूप धरून ठेवा, शिवाय एखादा समानार्थी शब्दही.

स्कॅन करताना वाचायचं नाही, हे हाताला आणि डोळ्याला शिकवावं लागतं. दादरला जिना उतरताना आपण इंडिकेटर जसा बघतो, आपल्या गाडीचं नाव आणि वेळ, बाकीचं डोळ्यांना दिसतं पण वाचत नाही, तसंच. पेन्सिल ओळींवरून तिरकी खाली आणा आणि अडकली की थांबा. साल आणि आकडे सगळ्यात सोपे, अक्षरांच्या गर्दीत लगेच उठून दिसतात. नावांचं मात्र अवघड, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षर नसतं. उतारा मराठी-इंग्रजी दोन्हीत दिलेला असेल तर नाव इंग्रजीत शोधा, कितव्या परिच्छेदात आहे बघा आणि वाचायला मराठीत परत या.

शब्द सापडला म्हणजे उत्तर सापडलं असं नाही, इथेच मार्क जातात. सापडलेल्या ओळीच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य नीट, हळू वाचा, मगच पर्याय उघडा. दुसरा प्रश्न बघा : उपनगरी वाहतुकीला वाफेची इंजिने का अपुरी पडली? एक पर्याय 'कोळसा महाग होता', दुसरा 'थांब्यानंतर वेग घ्यायला वेळ लागत होता'. कोळशाचं ऐकायला पटतं, पण उताऱ्यात कोळसा हा शब्दच नाही, मग बाहेर ते खरं असलं तरी इथे चूक. बरोबर उत्तर पुष्कळदा उताऱ्यातलेच शब्द बदलून लिहिलेलं असतं, आणि जो पर्याय उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलतो पण मधे 'फक्त', 'सर्वच' किंवा 'कधीही नाही' घुसवतो त्यावर आधी शंका घ्या.

'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' या प्रकारात शॉर्टकट नाही. चारही विधानं एकेक करून स्कॅन करावी लागतात, खुणा असतील तर प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद. 'डीसी यंत्रणेत उपकेंद्रे लांब अंतरावर चालतात' हे विधान आलं तर 'उपकेंद्रे' चौथ्या परिच्छेदात दोन सेकंदांत सापडतं, पण तिथे 'जवळजवळ' आहे हे वाचल्याशिवाय कळत नाही.

फुली मारलेले प्रश्न शेवटी घ्या, आणि आधी बाजूला लिहिलेले चार शब्द एका दमात वाचा. आपल्या उताऱ्याला शीर्षक द्यायचं असेल तर 'पहिली रेल्वे' नाही चालणार, ती एकाच परिच्छेदात आहे, चारही खुणांना धरून 'वाफेकडून विजेकडे' असलं काही चालेल. उतारा वैचारिक असेल, म्हणजे आकडे-नावं नाहीत, नुसता युक्तिवाद, तर मात्र हे तंत्र बाजूला ठेवा आणि एकदाच पूर्ण, हळू वाचा. असा उतारा चाळला की लेखक स्वतःचं मत सांगतोय की दुसऱ्याचं मत खोडतोय हेच कळत नाही, आणि चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश मार्क कापले जातात. वेळ कमी असेल तर असला उतारा मागे ठेवून आधी आकडे-नावांचे उतारे उरका.

सरावाला पेपरातला अग्रलेख पुरतो. लोकलमध्ये बसायला मिळालं तर ठाणे ते मुलुंड एवढ्यात चाळून प्रत्येक परिच्छेदाला दोन शब्द द्यायचे, मग पेपर घडी करून मित्राला विचारायला सांगायचं की अमुक गोष्ट कितव्या परिच्छेदात होती. उत्तर पाठ नको, जागा आठवली पाहिजे.