एमपीएससीची जाहिरात एका पानावर उतरवताना: आधी तारखा, मग बाकी सगळं

राज्यसेवेची जाहिरात आली की तासाभरात तिचा सारांश सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. रंगीत तक्ता, वर क्लासचं नाव, खाली जागा, वय, फी, शेवटची तारीख. माझं स्पष्ट मत आहे की असा तक्ता जाहिरात आल्याची बातमी म्हणून ठीक आहे, पण त्यावर विसंबून फॉर्म भरू नका. बनवणाऱ्याची चूक असते असं नाही. त्याला हजारो मुलांसाठी एकच ओळ लिहायची असते, 'ओबीसी कमाल वय 43'. त्या 43 वर तुमचा हक्क कोणत्या कागदावर आणि कोणत्या तारखेला सिद्ध होतो, हे त्या ओळीत मावत नाही.

माझा आरक्षणाचा दावा एका भरतीत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर याच फटीत अडकला. गुण पुरेसे होते, जात प्रमाणपत्र बरोबर होतं, आपण प्रगत गटात मोडत नसल्याचं नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्रही हातात होतं. समोरच्या माणसाने कागद उलटासुलटा पाहिला, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "याची मुदत शेवटच्या तारखेआधी संपलीय." मी खुल्या गटात गेलो आणि यादीतून बाहेर पडलो. म्हणून बाकी भाग मी भराभर सांगणार आहे, पण हा एक भाग नीट उलगडून सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

उदाहरणासाठी 2025 ची महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षा घेऊ. जागा 385: राज्यसेवा 127, वनसेवा 144, स्थापत्य अभियांत्रिकी सेवा 114. अर्ज 28 मार्च ते 17 एप्रिल 2025. वय मोजायची तारीख 1 जुलै 2025. खुल्या गटासाठी कमाल वय 38, मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि अनाथ उमेदवारांसाठी 43. फी खुल्यासाठी 544 रुपये, राखीवसाठी 344. परीक्षेची तारीख सुरुवातीला 28 सप्टेंबर अशी जाहीर झाली होती.

एवढं उतरवलं की बहुतेकांचा सारांश संपतो. खरं तर तो इथून सुरू होतो. या जाहिरातीत तुमची पात्रता एकाच दिवशी तपासली जात नाही. वय एका तारखेला मोजतात, पदवी दुसऱ्या तारखेपर्यंत चालते आणि आरक्षणाचा दावा तिसऱ्याच तारखेला जिवंत असावा लागतो. कागदावर तीन रकाने पाडा: अट, ती कोणत्या तारखेला पूर्ण हवी, आणि त्यासाठी माझ्याकडे कोणता कागद आहे. तिसरा रकाना कोरा राहिला की तुमचं काम तिथे आहे.

पदवीचं सोपं आहे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी उगाच घाबरू नये. पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसलेला उमेदवार पूर्व परीक्षा देऊ शकतो. मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत मात्र निकाल लागून पदवी हातात हवी. विद्यापीठाचे निकाल रेंगाळतात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ही तारीख रकान्यात लाल पेनाने लिहा. राज्यसेवेच्या बऱ्याच पदांना कोणतीही पदवी चालते, पण काही संवर्गांना विशिष्ट पदवी लागते, पोलीस उपअधीक्षकासारख्या पदाला शारीरिक मोजमापं आहेत, आणि वनसेवा व स्थापत्यसाठी ठरावीक विषयांची पदवी हवी. 385 हा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. कला शाखेच्या पदवीधराला त्यातल्या 127 जागांपासूनच मोजायला सुरुवात करावी लागते.

आता नॉन क्रीमी लेयर. ओबीसी, भटके विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना ते लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वेगळं पात्रता प्रमाणपत्र असतं आणि ते त्या-त्या आर्थिक वर्षापुरतं चालतं. प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात. वर किंवा सहीजवळ दिल्याची तारीख आणि मजकुराच्या शेवटी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख. मुलं पहिली तारीख पाहतात, 'मागच्याच वर्षी काढलंय, नवीनच आहे' म्हणतात आणि फाइलला लावतात. पडताळणीत पाहतात ती दुसरी. ती बहुतेक वेळा 31 मार्च असते, कारण वैधता आर्थिक वर्षाशी बांधलेली असते.

आता 2025 च्या तारखा परत बघा. अर्ज 28 मार्चला सुरू, 17 एप्रिलला बंद. मधे 31 मार्च येतो.

समजा, लातूरकडची एक ओबीसी ताई आहे. जन्म मे 1985 चा, म्हणजे 1 जुलै 2025 रोजी वय चाळीस पूर्ण. तिचं प्रमाणपत्र 31 मार्च 2025 पर्यंत वैध. ती उत्साहाने 29 मार्चलाच फॉर्म भरते. त्या दिवशी प्रमाणपत्र जिवंत आहे, म्हणून तिला वाटतं झालं. पण दाव्याचा कागद बघितला जातो तो अर्जाच्या शेवटच्या तारखेला, आणि 17 एप्रिलला तो कागद संपलेला आहे. लवकर फॉर्म भरल्याने काहीच वाचलं नाही. आता तिच्या वयाकडे बघा. ती पस्तीस वर्षांची असती तर दावा गेल्यावर खुल्या गटात तरी राहिली असती. चाळिशीत तीही सोय नाही, कारण 38 च्या पुढची वर्षं तिला त्याच प्रमाणपत्राच्या जोरावर मिळालेली होती. कागद गेला की राखीव जागेबरोबर वयाची सूटही जाते, म्हणजे सगळा अर्जच अपात्र. 38 ओलांडलेल्या प्रत्येकाने हे दोनदा वाचावं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. नॉन क्रीमी लेयर एक वर्षाचं किंवा तीन वर्षांचं मिळतं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर तीन वर्षांचं काढता येतं. एक वर्षाचं काढून दर मार्चला धावपळ करण्यात काय मिळतं, हे मला कधीच कळलं नाही. आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मग आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अर्ज, हा क्रम आहे. जाहिरातीची वाट न बघता करा. मर्यादा आठ लाखांची आहे, पण ओबीसीच्या बाबतीत त्या आठ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील शिक्षक आहेत म्हणून 'आपल्याला मिळणार नाही' असं ठरवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आधी कार्यालयात विचारा. आई-वडील वरच्या दर्जाच्या अधिकारी पदावर असतील तर मात्र नियम वेगळा आहे, तो तपासून घ्या.

खुल्या गटातल्या महिलांसाठी एक ओळ. महिला आरक्षणासाठी खुल्या गटातल्या महिलांना नॉन क्रीमी लेयरची अट आता नाही, ती 2023 मध्ये काढली गेली. जुन्या सिनियर अजून 'काढच' म्हणून सांगतात. सिनियरांबद्दल मला आदर आहे, पुस्तकं आणि उजळणी याबाबत त्यांचं जरूर ऐका. पात्रतेबाबत मात्र त्यांच्या वर्षीचा नियम तुमच्या वर्षी असेलच असं नाही. त्यासाठी फक्त चालू जाहिरात आणि तिच्यासोबतच्या सर्वसाधारण सूचना.

टप्पे आणि अभ्यासक्रम थोडक्यात. पूर्व परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी 200 गुण आणि दोन तास. पहिल्यात 100 प्रश्न, दुसऱ्यात म्हणजे सीसॅटमध्ये 80. सीसॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण पुरे. यादी पहिल्या पेपरच्या गुणांवर लागते. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश कापतात. 'सीसॅट क्वालिफाइंग आहे, शेवटचे पंधरा दिवस पुरे' हा शॉर्टकट मला धोक्याचा वाटतो. ज्याचं गणित आणि उताऱ्याचं वाचन कच्चं आहे, त्याला 66 सुद्धा जड जातात आणि मग पहिल्या पेपरचे गुण कुणी बघतही नाही.

पूर्व एकत्र असली तरी राज्यसेवा, वनसेवा आणि स्थापत्यची मुख्य परीक्षा वेगवेगळी होते. राज्यसेवेची मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजी 300-300 गुणांचे, 25 टक्के मिळवले की पुरे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे सात पेपर 250 गुणांचे, एकूण 1750. मुलाखत 275. म्हणजे अंतिम यादी 2025 गुणांवर. जुन्या बहुपर्यायी मुख्यच्या नोट्स अर्ध्या किमतीत विकायला असतात, त्या घेताना विचार करा. माहिती उपयोगी पडेल, पण अडीचशे गुणांचा पेपर लिहून काढायचा सराव त्यातून होत नाही. सारांशात अभ्यासक्रम उतरवताना घटकांची यादी पुन्हा लिहीत बसू नका. पेपर, गुण आणि तो गुणवत्तेत धरतात की फक्त पात्रतेत, एवढंच लिहा.

राहिल्या परीक्षेच्या तारखा. त्या सरकतात. 2024 ची पूर्व परीक्षा 28 एप्रिलची होती, ती सरकत सरकत 1 डिसेंबरला झाली. 2025 ची 28 सप्टेंबरची परीक्षा अतिवृष्टीमुळे 9 नोव्हेंबरला गेली. अशा वेळी अभ्यासिकेत हमखास चर्चा होते की आता वयही नव्या तारखेने मोजणार का. परीक्षा पुढे गेल्याने वय मोजायची तारीख आपोआप पुढे जात नाही, आणि अर्जाची शेवटची तारीखही नाही. त्या बदलायच्या असतील तर आयोग स्वतंत्र शुद्धिपत्रक काढतो, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून कागदावर परीक्षेची तारीख पेन्सिलने लिहा आणि वय व दाव्याच्या तारखा पेनाने.

फॉर्म भरताना mpsconline.gov.in वरच्या तुमच्या प्रोफाइलमधली माहिती अर्जात तशीच येते. दोन वर्षांपूर्वी भरलेलं प्रोफाइल असेल तर जात, नॉन क्रीमी लेयर, पदवी या गोष्टी आधी तिथे दुरुस्त करा, मग अर्ज उघडा. फी भरल्यावर अर्जाची प्रत उतरवून घ्या, आणि तुमचा तीन रकान्यांचा कागद शेजारी ठेवून प्रत्येक दावा एकदा जुळवून बघा. चूक सापडली आणि शेवटची तारीख अजून गेली नसेल, तर काय करता येईल ते त्याच दिवशी आयोगाच्या मदत क्रमांकावर विचारा.