कन्सोल आणि टीव्हीच्या मागचे पोर्ट: जोडणी करताना या चुका टाळा

कन्सोल टीव्हीला जोडताना होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: केबल ज्या पोर्टमध्ये नीट बसली, तोच तिचा पोर्ट. प्रत्यक्षात एकाच आकाराच्या दोन पोर्टचे काम पूर्णपणे वेगळे असू शकते. पोर्ट ओळखायचा तो त्याच्या शेजारी छापलेल्या बारीक अक्षरांवरून. टीव्ही भिंतीला टेकवण्यापूर्वी त्या अक्षरांचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवल्यास पुढचा बराच त्रास वाचतो.

'इन' आणि 'आउट' यांकडे दुर्लक्ष करणे

एचडीएमआय केबलची दोन्ही टोके सारखी असतात आणि एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात. पोर्टला मात्र दिशा असते. कन्सोलच्या 'एचडीएमआय आउट'मधून सिग्नल बाहेर पडतो आणि टीव्हीच्या 'एचडीएमआय इन'मध्ये तो शिरतो. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या मागे एचडीएमआयचा एकच पोर्ट असल्याने तिथे गोंधळाला जागा नाही. एक्सबॉक्स वनच्या मागे मात्र सेट-टॉप बॉक्सचे चित्र आत घेण्यासाठी एक 'इन' पोर्टही आहे. टीव्हीकडची केबल चुकून त्यात घातली, तर कन्सोल व्यवस्थित चालू होतो, दिवा लागतो, पण टीव्हीवर 'सिग्नल नाही' एवढेच दिसते. असे झाल्यास कन्सोल बिघडला असे मानण्याआधी 'आउट' हा शब्द शोधावा.

टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखेच आहेत असे मानणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, कारण ती सहसा लक्षातच येत नाही. चित्र दिसते, आवाज येतो, आणि कन्सोल आपल्या क्षमतेच्या अर्ध्या वेगाने चालत राहतो.

४के चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे असेल, तर सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारा पोर्ट पुरतो. तेच १२० वेळा पाठवायचे झाले, की तो कमी पडतो आणि एचडीएमआय २.१ मधील अधिक वेगाचा मार्ग लागतो, ज्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. चार एचडीएमआय पोर्ट असलेल्या अनेक टीव्हींमध्ये हा वेगवान मार्ग फक्त दोनच पोर्टना दिलेला असतो. त्यांच्या शेजारी '४के १२० हर्ट्झ' असे छापलेले असते. इतर दोन पोर्टशेजारी '४के ६० हर्ट्झ' असते किंवा काहीच नसते. 'एचडीएमआय २.१ असलेला टीव्ही' या जाहिरातीतील शब्दांवरून चारही पोर्ट वेगवान आहेत असे गृहीत धरू नये.

एक जोडणी सुरुवातीपासून पाहू. टीव्हीवर चार पोर्ट आहेत. पहिला आणि दुसरा साधे, तिसऱ्याशेजारी '४के १२० हर्ट्झ' आणि 'ईआर्क' असे दोन्ही छापलेले, आणि चौथ्याशेजारी फक्त '४के १२० हर्ट्झ'. हाताला सोपा म्हणून प्लेस्टेशन ५ पहिल्या पोर्टमध्ये लावला आहे. कन्सोलमध्ये पुढील ठिकाणी जावे:

```
Settings > Screen and Video > Video Output > Video Output Information
```

या पानावर सध्या कोणते चित्र बाहेर जात आहे ते दिसते आणि त्याखाली, समोरच्या टीव्हीने आपण काय काय दाखवू शकतो म्हणून कळवले आहे, त्याची यादी असते. शोधायचे ते या यादीत. २१६०पी समोर फक्त ६० हर्ट्झ दिसत असेल, तर टीव्हीने त्या पोर्टची मर्यादा तेवढीच सांगितली आहे. एक्सबॉक्समध्ये हीच माहिती `4K TV details` या पानावर मिळते; जे जमते त्यासमोर बरोबरची खूण असते आणि जे जमत नाही त्यासमोर फुली.

आता केबल चौथ्या पोर्टमध्ये लावली, तरी यादीत ६० हर्ट्झच दिसण्याची शक्यता असते, आणि इथे पुष्कळ जण हात टेकतात. अनेक टीव्ही जुन्या उपकरणांशी जुळवून घेण्यासाठी प्रत्येक पोर्ट आरंभी मर्यादित रूपात ठेवतात, आणि वेगवान रूप मेनूतून चालू करावे लागते. सोनीच्या टीव्हीत `HDMI signal format` या नावाखाली वरच्या दर्जाचा पर्याय निवडायचा असतो, तर सॅमसंगमध्ये `Input Signal Plus` चालू करायचे असते. हे सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्र असते, म्हणून केबल दुसऱ्या पोर्टमध्ये हलवली की ते पुन्हा तपासावे लागते. चौथ्या पोर्टसाठी ते चालू केले, की कन्सोलच्या यादीत १२० हर्ट्झ दिसू लागते. तरीही मुख्य पडद्यावर कन्सोल ६० हर्ट्झच पाठवत राहील. १२० हर्ट्झ त्याला पाठिंबा असलेला खेळ सुरू केल्यावरच, आणि काही खेळांत तर खेळाच्या मेनूतून वेगाचा पर्याय निवडल्यावरच, मिळते. त्या वेळी रंगांच्या रकान्यात आरजीबीऐवजी वाययूव्ही ४२२ दिसले, तर तो बिघाड नाही. प्लेस्टेशन ५ सेकंदाला ३२ गिगाबिटच्या आसपासच माहिती पाठवतो, म्हणून या वेगाला तो रंगांची माहिती थोडी कमी करतो. खेळताना हा फरक जाणवत नाही.

पेटीतील केबल बाजूला ठेवून जुनी वापरणे

वरील जोडणीत पोर्ट बरोबर आहे, सेटिंगही बरोबर आहे, आणि तरी खेळताना पडदा मधूनच एक-दोन सेकंद काळा होतो किंवा चित्रावर पांढरे ठिपके चमकून जातात, अशी तक्रार आली तर संशय आधी केबलवर घ्यावा. १८ गिगाबिटसाठी बनवलेली केबल ६० हर्ट्झला निर्दोष चालते आणि १२० हर्ट्झला अडखळते. त्यामुळे 'इतकी वर्षे हीच केबल चालली' हे कारण इथे उपयोगाचे नाही. खात्री करायची असेल, तर कन्सोलमध्ये १२० हर्ट्झ तात्पुरते बंद करावे. दोष नाहीसा झाला, तर केबल बदलावी.

विकत घेताना वेष्टनावरील '२.१' या आकड्यावर विसंबू नये. केबलच्या दर्जाचे अधिकृत नाव 'अल्ट्रा हाय स्पीड' असे आहे आणि त्याच्या खऱ्या वेष्टनावर मोबाइलने तपासता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या पेटीत या वेगाची केबल आलेलीच असते, म्हणून लांबी पुरत असेल तर तीच वापरणे उत्तम.

साउंडबारची केबल चुकीच्या पोर्टमध्ये

'आर्क' किंवा 'ईआर्क' छापलेला पोर्ट हा दिशेच्या नियमाला एक अपवाद आहे. त्यातून चित्र टीव्हीच्या आत येऊ शकते आणि त्याच वेळी टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जाऊ शकतो. टीव्हीवर असा पोर्ट सहसा एकच असतो. साउंडबार इतर पोर्टमध्ये लावला, तर आवाज अजिबात येणार नाही. दुसऱ्या टोकालाही हीच सावधगिरी लागते: साउंडबारवर 'इन' आणि 'आउट' असे दोन पोर्ट असतील, तर टीव्हीकडची केबल 'टीव्ही' किंवा 'आर्क' असे लिहिलेल्या 'आउट'मध्ये जाते. आवाज टीव्हीकडून आत येत असताना केबल 'आउट'मध्ये लावणे विचित्र वाटते, म्हणूनच ही चूक वारंवार होते. जोडणी बरोबर असूनही आवाज येत नसेल, तर टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय-सीईसी चालू आहे का आणि आवाजाचे आउटपुट साउंडबारकडे वळवले आहे का, ते पाहावे.

आपल्या उदाहरणात साउंडबार तिसऱ्या पोर्टमध्ये जाईल, म्हणजे दोन वेगवान पोर्टपैकी एक अडला. दुसरा १२० हर्ट्झचा कन्सोल आणला, तर त्याला जागा उरत नाही. अशा वेळी साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडून तिसरा पोर्ट मोकळा करता येतो. मात्र ऑप्टिकलमधून साधा दोन वाहिन्यांचा किंवा संकुचित केलेला ५.१ आवाजच जातो. डॉल्बी ॲटमॉस त्यातून मिळत नाही. माझ्या मते, ॲटमॉस देणारा साउंडबार असेल तर तिसरा पोर्ट त्यालाच द्यावा आणि दोन कन्सोलनी चौथा पोर्ट आळीपाळीने वापरावा.

ऑप्टिकल पोर्ट चौकोनी असतो, त्याला छोटे झाकण असते आणि टीव्ही चालू असताना आत लाल प्रकाश दिसतो. टीव्हीवरचा हा पोर्ट आवाज बाहेर पाठवण्यासाठी असतो, म्हणून कन्सोलकडून येणारी केबल त्यात लावून काहीच होत नाही. नव्या केबलच्या टोकावरील पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढायची राहून जाते, तीही आठवणीने काढावी.

लॅन आणि यूएसबी

लॅनचा पोर्ट कन्सोललाही असतो आणि टीव्हीलाही, पण ते एकमेकांना जोडायचे नसतात. दोन्हींच्या केबली राउटरकडे जातात. एकच केबल उपलब्ध असेल, तर ती कन्सोलला द्यावी. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटवरच थांबतो, तर कन्सोलचा १००० मेगाबिटपर्यंत जातो.

टीव्हीचा यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हमधील फोटो-व्हिडिओ दाखवण्यासाठी असतो. कन्सोलचे चित्र त्यातून येत नाही. बाहेरची डिस्क प्लेस्टेशन ५ च्या मागील वेगवान यूएसबी पोर्टमध्ये लावावी. प्लेस्टेशन ४ चे खेळ तिच्यावरून थेट चालतात. प्लेस्टेशन ५ चे खेळ तिथे नुसते साठवता येतात, खेळण्यासाठी ते आत आणावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या मागची अरुंद खाच यूएसबी नसून तिच्या खास मेमरी कार्डासाठी आहे.

रंगीत गोल पोर्टमधील गोंधळ

जुना कन्सोल जोडताना पिवळा पोर्ट चित्राचा, तर पांढरा आणि लाल डाव्या-उजव्या आवाजाचा असतो. हिरवा, निळा आणि लाल ही वेगळी तिकडी अधिक स्वच्छ चित्रासाठी असते, आणि तिच्यासोबत आवाजाच्या दोन तारा स्वतंत्रपणे लागतात. त्यामुळे अशा केबलमध्ये दोन लाल टोके येतात. त्यांची अदलाबदल झाली, तर रंग बिघडतात आणि एका बाजूच्या स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते.

अनेक टीव्हींवर पिवळा पोर्ट वेगळा नसतो. हिरव्याच पोर्टभोवती पिवळी खूण असते आणि पिवळे टोक त्यातच घालायचे असते. त्यानंतर चित्र कृष्णधवल दिसले, तर टीव्ही त्या पोर्टकडे तिकडीतला म्हणून पाहत आहे असे समजावे आणि इनपुटच्या यादीतून `AV` निवडावे. गोल पोर्टऐवजी हेडफोनसारखे एकच भोक असलेल्या टीव्हीला त्याच्या पेटीतील जोडतारच लावावी. दुसऱ्या उपकरणाच्या तशाच दिसणाऱ्या तारेत आतील जोडणीचा क्रम वेगळा असू शकतो. चित्राऐवजी गडबड दिसून आवाजात खरखर येत असेल आणि मूळ तार सापडत नसेल, तर पिवळे टोक लाल टोकाच्या जागी लावून पाहावे. काही तारांमध्ये तेवढ्यानेच चित्र येते.